पेंटरला द्यायचं पत्र: खोलीवार शेड, फिनिश आणि नमुन्याचे पट्टे

प्रश्न: पुण्यात चौथ्या मजल्यावर आमचा टूबीएचके आहे, हॉलची खिडकी पश्चिमेला. मागच्या वेळी पेंटरला तोंडी "ऑफव्हाइट" सांगितलं आणि प्रत्येक खोली वेगळीच पिवळी निघाली. या वेळी सगळं लेखी द्यायचंय. घरात कारखान्यातलं रॅल कार्ड आहे, त्यातून नंबर काढलेत: हॉल ९०१० आणि सोफ्यामागची भिंत ६०२१, बेडरूम १०१३, मुलीची खोली १०१५, स्वयंपाकघर ९००१. पत्रात नेमकं काय लिहू, आणि नमुन्याचे पट्टे कुठे, कसे मारून घेऊ?

उत्तर:

बावीस वर्षं रंगकामाचे ठेके घेतोय. या काळात घरमालकांकडून मला मिळालेल्या बहुतेक याद्यांमध्ये खोलीचं नाव आणि त्यापुढे शेडचा नंबर, एवढंच असायचं. नंबर बरोबर असूनही भिंत चुकते, कारण नंबर म्हणजे फक्त रंगछटा. ती कुठल्या मालात आहे, किती चमकेची आहे आणि कशावर मारली आहे हे तो सांगत नाही. एका घरी हॉलचा रंग एका भिंतीला कमी पडला. माझ्या माणसाने दुसऱ्या दुकानातून त्याच नंबरचा डबा आणला, पण मॅटऐवजी जरा चमकेच्या सॅटिनचा. दिवसा काही कळलं नाही. संध्याकाळी दिवे लागले आणि भिंतीच्या मधोमध उभी रेघ दिसायला लागली. ती पूर्ण भिंत मी स्वखर्चाने पुन्हा केली. तेव्हापासून पत्रात प्रत्येक खोलीसाठी चार गोष्टी लिहून घेतो: खाली काय आहे, माल आणि फिनिश कोणतं, नंबर काय, आणि पट्टा कुठे मारून कोणी, कधी पास करायचा.

आता तुमच्या नंबरांबद्दल. तुमच्या हातातलं कार्ड बहुधा चकचकीत असेल. चकचकीत पृष्ठभागावर रंग भरीव आणि गडद दिसतो. तोच मॅट इमल्शनमध्ये फिका, जरा पांढुरका दिसतो. म्हणजे ६०२१ भिंतीवर कार्डापेक्षा मवाळ येईल, आणि ते बरंच आहे. पांढऱ्यांचं मात्र उलट होतं. ९०१०, ९००१ आणि १०१३ हे तिन्ही कार्डावर एकमेकांपासून दूर छापलेले असल्याने "पांढरेच" वाटतात, पण घरात ते दारांच्या चौकटींशी एकमेकांना भेटतात. ९०१० च्या शेजारी ९००१ आला की तो मळल्यासारखा दिसतो. मागच्या वेळी "प्रत्येक खोली वेगळी पिवळी" झाली त्यामागे, मला वाटतं, हेच असावं. म्हणून माझा आग्रह आहे की हॉल आणि स्वयंपाकघर दोन्हीकडे ९०१० च ठेवा आणि ९००१ काढून टाका. बेडरूमला दार असतं, तिथे १०१३ चालेल.

मुलीच्या खोलीतल्या १०१५ बद्दल थोडं सावध राहा. हा फिका हस्तिदंती रंग आहे आणि खोली लहान असेल तर समोरासमोरच्या भिंती आपला पिवळेपणा एकमेकींवर टाकतात. कार्डावर बोटभर दिसलेली छटा चार भिंतींवर आल्यावर दुप्पट पिवळी वाटते. त्यासाठी दुकानदाराला "पन्नास टक्के" सांगता येतं: बेस तोच ठेवून मशीनमधून रंगद्रव्य निम्मं सोडतात. ही छटा कुठल्याही कार्डावर सापडणार नाही, त्यामुळे डब्यावरची फॉर्म्युल्याची चिठ्ठी हाच तिचा एकमेव पुरावा.

बऱ्याच टिंटिंग मशिनांत रॅलचे नंबर निघतात. दुकानात निघाले नाहीत तर त्यांच्या फॅनडेकमधला जवळचा नंबर काढून घ्या आणि पत्रात तोच लिहा, रॅलचा खोडा. दोन नंबर लिहिले की भिंतीवर कुठला येईल याचा नेम नसतो.

मी तुमच्या जागी असतो तर पत्र असं लिहिलं असतं. मापं अंदाजाने धरली आहेत, तुमची घाला.

"नमस्कार दादा,

आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे कामाचा तपशील लिहून देत आहे. यात बदल करायचा असेल तर आधी फोन करा. ठरलेला बदल या कागदावर लिहून दोघं सही करू.

सगळीकडे: जुना सुटलेला रंग खरवडून, भेगा भरून, पुट्टीचे दोन हात, पेपर मारून, मग प्रायमरचा एक हात. पुट्टी वाळल्यावर रात्री टॉर्च भिंतीला टेकवून आडवा फिरवू. लाटा दिसतील तिथे पेन्सिलने खूण करू आणि तेवढं पुन्हा भरायचं. टॉर्च पास झाल्याशिवाय प्रायमर नको. रंगाचे दोन हात, दोन हातांत किमान चार तास. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच आणि मापाने. एका भिंतीवर रंगाचा हात सुरू झाला की तो हात पूर्ण करूनच थांबायचं, मधे नाही.

बाथरूम सोडून सर्व छत: टिंट न केलेला कंपनीचा पांढरा, मॅट. पट्टा नको.

हॉल, खिडकीची पश्चिम भिंत आणि इतर दोन: धुता येणारं मॅट इमल्शन, ९०१०. पश्चिम भिंतीवर पुट्टीच्या आधी एक फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून चोवीस तास ठेवू. आतून दव आलं तर ही भिंत थांबवायची, बाकी काम चालू.

हॉल, सोफ्यामागची भिंत (१२ फूट बाय साडेनऊ फूट): त्याच मालाचं मॅट, ६०२१. पट्टे दोन: एक खिडकीपासून दोन फुटांवर, दुसरा आतल्या अंधाऱ्या टोकाला. प्रत्येक ठिकाणी ६०२१ पूर्ण आणि शेजारी ६०२१ पन्नास टक्के, मधे चार इंच प्रायमर मोकळा. कोणता घ्यायचा ते आम्ही दुसऱ्या दिवशी रात्री सांगू. ही भिंत सर्वांत शेवटी. रंग एकाच ४ लिटरच्या डब्यात टिंट करून आणायचा, सुटे १ लिटरचे डबे नकोत.

मोठी बेडरूम: मॅट, १०१३. पट्टा एक, कपाटाशेजारी, पलंगावरून दिसेल असा.

मुलीची खोली: सॅटिन, १०१५ पन्नास टक्के. पट्टा कोपऱ्यात, दोन्ही भिंतींवर मिळून, म्हणजे दीड फूट इकडे आणि दीड फूट तिकडे. खिडकीच्या ग्रिलचा जुना ऑइलपेंट कोरडा घासायचा नाही. पाणी लावून पाणपेपरनेच घासायचा आणि निघालेला चोथा गोळा करून वेगळ्या पिशवीत.

स्वयंपाकघर, टाइल्सच्या वर: सॅटिन, ९०१०. तेलकट भिंत आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळल्यावर पेपर. पट्टा नको, पण हॉलच्या चौकटीशी दोन्ही खोल्यांचा रंग एकत्र पाहून मगच दुसरा हात.

बाथरूमचं छत: बुरशीरोधक इमल्शन, सॅटिन, पांढरा.

दारं आणि चौकटी: पाण्याचं एनॅमल, सॅटिन, ९०१०. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिल्याप्रमाणे. पट्टा एका दाराच्या आतल्या बाजूला, खालच्या चौकोनात.

बाल्कनीची ग्रिल: गंज तारेच्या ब्रशने काढून, मेटल प्रायमर, वर ऑइलचं एनॅमल, ७०१६.

डबे माझ्यासमोर उघडायचे. झाकणावरच्या चिठ्ठीचा फोटो मी घेईन. डब्यातली कूपनं तुमची, पण रिकामे डबे शेवटच्या दिवसापर्यंत घरातच राहतील. प्रत्येक खोलीचा पट्टा पास झाला की त्याच रंगाचा एक ठसा या पत्रावर त्या खोलीच्या ओळीसमोर लावू, वाळल्यावर दोघांची सही.

कळावे."

शेवटचा ठसा मला सगळ्यात उपयोगी वाटतो. पेंटरकडे दोन-तीन माणसं येऊन-जाऊन असतात, त्यांतल्या काहींना मराठी वाचता येत नाही. पण कागदावर वाळलेला रंग प्रत्येकाला वाचता येतो. नवीन डबा उघडला की त्यातलं बोट ठशाशेजारी लावून वाळू द्यायचं, फरक असला तर वाळताच कळतो. ओल्याची तुलना वाळलेल्याशी करू नका. ओलं इमल्शन दुधाळ आणि फिकं दिसतं, वाळताना गडद होतं. निम्मी भांडणं ओली भिंत पाहून होतात.

आता पट्ट्यांकडे येतो, कारण पत्रातला हा भाग लोक लिहितात आणि मग प्रत्यक्षात वाया घालवतात. जुन्या रंगावर टेकवलेला वीतभर पट्टा काहीच सांगत नाही. डोळा त्याची तुलना शेजारच्या जुन्या रंगाशी करतो. तुमच्या घरातल्या जुन्या पिवळ्यावर ९०१० मारला तर तो निळसर वाटेल आणि तुम्ही उगीच घाबराल. नुसत्या पुट्टीवर मारला तर पुट्टी पाणी शोषते आणि रंग ठिपकेदार, कोरडा दिसतो. पट्टा प्रायमरच्या हातानंतर, दोन फूट बाय दोन फूट, आणि शेवटी वापरायच्या त्याच रोलरने दोन हात मारलेला हवा. ब्रशने मारलेल्या पट्ट्याचा पोत वेगळा असतो, तो भिंतीशी जुळणार नाही. एक तोटाही आहे: पट्ट्याच्या कडांना रंगाची जाड धार राहते आणि वरून अख्खी भिंत रंगवली तरी तिरप्या उजेडात तो चौकोन वर येतो. त्यामुळे पास-नापास झाल्यावर कडा २२० नंबरच्या पेपरने घासून सपाट करायला सांगा.

सोफ्यामागची भिंत मी पत्रात सर्वांत लांबवली, कारण तुमच्या घरातली तीच अवघड आहे. खिडकी पश्चिमेला आणि ही भिंत तिला काटकोनात. दुपारी चारनंतर ऊन या भिंतीला घासत जातं. अशा उजेडात पुट्टीची प्रत्येक लाट, रोलरचा प्रत्येक जोड दिसतो, आणि चमक जितकी जास्त तितका जास्त दिसतो. म्हणून तिथे सॅटिन नको, कोणी कितीही "रॉयल लूक येतो" म्हणालं तरी. हॉलमध्ये मुलांचे हात लागतील ही काळजी रास्त आहे, त्यासाठी धुता येणारं मॅट मिळतं. एकाच खोलीत एक भिंत सॅटिन आणि बाकीच्या मॅट हेही टाळा. रंग सारखा असला तरी संध्याकाळी त्या दोन वेगळ्या वेळी रंगवल्यासारख्या वाटतात.

त्या भिंतीवरचे पट्टे तीनदा पाहा: सकाळी नऊच्या सुमारास, सूर्य खिडकीत असताना पाचच्या आसपास, आणि रात्री दिवे लावून. ६०२१ हा राखाडीकडे झुकणारा फिका हिरवा. सकाळी, थेट ऊन नसताना, तो थंड आणि जरा करडा दिसेल. पाच वाजता उन्हातला पिवळेपणा मिसळून तो पानासारखा होईल, तेव्हाच तुम्हाला तो सर्वांत आवडेल. निर्णय मात्र त्या वेळी करू नका, रात्री करा, कारण हॉलमध्ये घरचे सगळे रात्रीच बसतात. तुमचे एलईडी ६५०० केल्विनचे, म्हणजे पांढरट निळे असतील तर हिरवा करडेपणाकडे जाईल. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यांत तो खाकी होऊ शकतो. खाकी वाटला तर आधी एक ४००० केल्विनचा दिवा लावून पुन्हा पाहा. दिवा बदलणं भिंत बदलण्यापेक्षा फार स्वस्त पडतं. दिवे बदलायचे ठरलेच असतील तर ते पट्ट्यांच्या आधी बदला, नाहीतर सगळी पाहणी पुन्हा करावी लागेल.

खिडकीजवळच्या आणि आतल्या टोकाच्या पट्ट्यांचं म्हणणं वेगळं निघालं तर आतल्याचं ऐका. अंधाऱ्या टोकाला पूर्ण ६०२१ मळका वाटला आणि पन्नास टक्के खुलला, तर पन्नास टक्के घ्या. उजेडाकडे तो थोडा फिका दिसेल, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

एकच ४ लिटरचा डबा का, तेही सांगतो. १२ गुणिले साडेनऊ म्हणजे ११४ चौरस फूट. समजा तुमच्या डब्यावर दोन हातांत लिटरला ६० चौरस फूट असं लिहिलंय. मग दोन लिटरच्या आसपास लागेल. हिशेबाने १ लिटरचे दोन डबे पुरतात, पण १ लिटरमध्ये मशीन रंगद्रव्य इतकं थोडं सोडतं की थेंबाचा फरकही छटेत दिसतो, आणि दोन डबे दोन छटांचे होऊ शकतात. ४ लिटरमध्ये तो फरक विरून जातो. उरलेला रंग पुढे डागडुजीला हवाच असतो. ९०१० मात्र हॉल आणि स्वयंपाकघर मिळून मोठ्या प्रमाणात लागेल. त्यातले एकाच मालाचे आणि एकाच फिनिशचे सगळे डबे कामाच्या आधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यायला सांगा. मॅट आणि सॅटिन चुकूनही एकत्र करू देऊ नका.

पश्चिम भिंतीच्या प्लास्टिकच्या चाचणीवर पेंटर हसेल, तरी करा. पुण्यात पावसाचा मारा पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंती खातात. दिवाळीच्या घाईत ऑक्टोबरमध्ये रंग लावला आणि आत ओल राहिली की तीन-चार महिन्यांत पांढरा लोणा फुलतो, पुट्टी पोळीच्या पापुद्र्यासारखी सुटते. प्लास्टिकच्या आत दव दिसलं तर दोष बाहेरून आहे. बाहेरची भेग बुजवल्याशिवाय आतून कितीही महाग रंग मारला तरी तो पडणारच. अशा वेळी तेवढी भिंत प्रायमरही न लावता उघडी सोडा. घर महिनाभर विद्रूप दिसेल, पण भिंत श्वास घेईल.

ग्रिलच्या जुन्या रंगाबद्दल लिहिलेली ओळ मुलीसाठी आहे. घरगुती रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. इमारत त्याआधीची असेल तर जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि कोरडं घासल्यावर त्याची धूळ गादीत, खेळण्यांत जाते. ओला पाणपेपर वापरणं आणि ते काम होईपर्यंत मुलीला त्या खोलीत न जाऊ देणं, एवढं तरी कराच.

दारांना ऑइलचं पांढरं एनॅमल पेंटर सुचवतील, कारण ते हाताला सवयीचं आणि दिसायला गुळगुळीत. पण घराच्या आत, विशेषतः जिथे उजेड कमी, तिथे ते वर्षा-दोन वर्षांत पिवळं पडतं. तुमचा जुना अनुभव पाहता ९०१० च्या भिंतीशेजारी पिवळी चौकट तुम्हाला चालणार नाही. पाण्याचं एनॅमल तसं पिवळं पडत नाही. मात्र जुन्या ऑइलपेंटवर ते थेट धरत नाही, आधी चमक जाईपर्यंत पेपर आणि प्रायमर लागतो. पेंटरने तो टाळला की नाही हे कळायला आतल्या चौकोनातला पट्टा आहे: दोन दिवसांनी नखाने ओरबाडून पाहा. पापुद्रा निघाला तर प्रायमर झालेला नाही.

काम संपल्यावर प्रत्येक शेडचा अर्धा लिटर छोट्या बरणीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा आणि बाहेर खोलीचं नाव, माल, फिनिश आणि नंबर लिहा. मॅट भिंतीवर डाग पडला तर तेवढ्यावर रोलरने लावून भागतं. मुलीच्या खोलीतल्या सॅटिनवर ते जमत नाही, डागडुजीचा ठिपका चमकतो. तिथे डाग पडला तर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ती अख्खी भिंत एक हात मारावी लागते, म्हणून त्या खोलीसाठी बरणी अर्ध्याऐवजी दोन लिटरची ठेवा. आणि पहिले तीन-चार आठवडे तिथल्या भिंती ओल्या फडक्याने पुसू नका. हाताला वाळलेला लागला तरी रंग आतून पूर्ण कडक व्हायला तेवढा वेळ घेतो.